वाटी कुठे संपते: लातूर परिसरातल्या भांड्यांच्या नावांवरच्या प्रकल्प नोंदी

२४ नोव्हेंबर २०२५

लातूर, औसा, रेणापूर या पट्ट्यात घरातल्या भांड्यांना काय म्हणतात, याचा छोटा शब्दकोश करायचं काम हाती आहे. भगुणं, परात, चरवी, घागर यांच्या नोंदी भराभर झाल्या. वाटीपाशी आल्यावर पेन थांबलं.

पहिल्यांदा जी व्याख्या सुचते ती अशी: ‘आमटी, दही वगैरे वाढून घ्यायचं लहान, गोल, खोलगट भांडं.’ एकेक अट घरातल्या मांडणीसमोर उभं राहून तपासली. गोल म्हणावं, तर वरच्या फळीवर आहेराची षटकोनी वाटी आहे आणि तिला सगळे वाटीच म्हणतात. आमटीसाठी म्हणावं, तर तांदळाच्या डब्यातली वाटी वर्षानुवर्षं तांदूळ मोजते, तिच्यात कधी आमटी पडलेली नाही. उलट पानाच्या द्रोणात आमटी वाढतात, तो गोल आहे, लहान आहे, खोलगटही आहे, पण त्याला वाटी कोणी म्हणत नाही. लहान म्हणावं, तर किती लहान? वाडगा कुठे सुरू होतो?

अटींची यादी करायची, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर आत, एक चुकली तर बाहेर, ही व्याख्येची जुनी रीत. शब्दांच्या बाबतीत ती का अडते, हे लुडविग विट्गेन्श्टाइनने ‘खेळ’ या शब्दावरून दाखवलं. त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली छापल्या गेलेल्या पुस्तकात तो विचारतो की सगळ्या खेळांमध्ये समान असं नेमकं काय आहे? आट्यापाट्या, पत्ते, सागरगोटे आणि एकट्यानेच भिंतीवर चेंडू मारत बसणं हे समोर ठेवून पाहिलं. कशात हारजीत आहे, कशात नाही. कशात जोडीदार लागतो, कशात नाही. एकाच घराण्यातल्या माणसांमध्ये कोणाचं नाक जुळतं, कोणाची चाल, पण एकच खूण सगळ्यांत सापडत नाही, तसं हे नातं आहे असं त्याचं म्हणणं.

एक गोष्ट आजच बाजूला काढून ठेवते. खोबऱ्याची वाटी आणि गुडघ्याची वाटी हे कडेचे नमुने नाहीत, ते त्या शब्दाचे वेगळे अर्थ आहेत. गुडघ्याच्या वाटीबद्दल ‘ही वाटी म्हणावी की पेला?’ असा प्रश्न कोणाला पडत नाही. अनेकार्थ आणि पुसट कड या दोन गोष्टी एकत्र कालवल्या तर पुढचं सगळं मोजमाप बिघडेल.

२७ नोव्हेंबर

विल्यम लबॉव्हचा १९७३ चा लेख पुन्हा नीट वाचला. शब्दांच्या सीमांवरचं हे काम मला फार आवडतं, कारण त्याने वाद घालत बसण्यापेक्षा चित्रं काढली. कपासारखं एक भांडं, मग तेवढ्याच उंचीचं पण थोडं रुंद, मग आणखी रुंद. रुंदीला उंचीने भागलं की १ पासून सुरुवात, मग १.२, १.५, १.९ आणि २.५. प्रत्येक चित्र दाखवून विचारायचं, याला काय म्हणाल?

कप म्हणणारे एका ठिकाणी अचानक थांबत नाहीत, हळूहळू कमी होतात, आणि त्याच प्रमाणात ‘बोल’, म्हणजे आपला वाडगा म्हणणारे वाढत जातात. मध्ये एक पट्टा असा येतो, जिथे दोन्ही नावं चालतात. याच्याही पुढे जाऊन त्याने तीच चित्रं वेगवेगळ्या कल्पनेसह दाखवली. यात कोणीतरी साखर ढवळून कॉफी पितंय असं समजा. यात कुस्करलेले बटाटे घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलंय असं समजा. यात फुलं ठेवलीत असं समजा. खाण्याचा पदार्थ आला की वाडग्याची हद्द पुढे सरकून कपाच्या मुलखात शिरते. चित्र तेच, रेघ तीच, पण नाव बदलतं.

त्याच सुमारास एलिनॉर रॉश दुसऱ्या बाजूने याच गोष्टीकडे आली. तिने कडेपेक्षा मध्याकडे पाहिलं. लोकांना विचारलं, हे फळ ‘फळ’ या शब्दाचं किती चांगलं उदाहरण आहे? १ ते ७ अशी पट्टी, १ म्हणजे अगदी उत्तम. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून संत्रं वर आलं, फर्निचरमध्ये खुर्ची वर आली, पक्ष्यांमध्ये रॉबिन. मनात वर्गाच्या मधोमध एक ठसठशीत नमुना असतो आणि बाकीचे सभासद त्याच्यापासून कमी-जास्त अंतरावर असतात, हा प्रोटोटाइपचा विचार. लबॉव्हची कड आणि रॉशचा मध्य या दोन्ही गोष्टी वाटीवर लावून पाहायच्या आहेत.

२ डिसेंबर

मार्गदर्शक मॅडमना आराखडा दाखवला. पत्र्याचे नमुने करून घेऊ का, असं मी विचारत होते. मॅडम म्हणाल्या, “पत्र्याचं केलंस की लोक त्याला डबडं म्हणतील. आकार विचारायचाय की पत्रा?” म्हणून जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापाची रेघांची चित्रं काढायची ठरली. कान नाही, नक्षी नाही, काठ बाहेर वळलेला नाही, बाजू सरळ.

मग उंचीचा प्रश्न आला. लबॉव्हसारखी उंची तीच ठेवून रुंदी वाढवत नेली, तर भांडं नुसतं पसरट होत नाही, मोठंही होत जातं. कप आणि वाडग्यासाठी ते चालून जातं, पण माझ्याकडे वाडगा हा मोठेपणामुळेच वाटीपासून वेगळा होतो. एखाद्याने शेवटच्या चित्राला वाडगा म्हटलं, तर ते पसरटपणामुळे की आकारमानामुळे, हे कळणार नाही. त्यामुळे सगळ्या भांड्यांत मावणारं पाणी सारखं ठेवलं: साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे घरातल्या मोठ्या वाटीएवढं. फक्त घडण बदलायची.

हिशोब सोपा आहे. सरळ बाजूच्या गोल भांड्याचं घनफळ म्हणजे तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. रुंदी उंचीच्या दुप्पट हवी असेल, तर रुंदी ८ सेंटिमीटर आणि उंची ४ येते. रुंदी आणि उंची सारखी हवी असेल, तर दोन्ही साधारण ६.३. तिप्पट पसरट हवं, तर रुंदी ९.१ आणि उंची ३. चौपट हवं, तर १० आणि २.५. दुसऱ्या बाजूला, उंची रुंदीपेक्षा जास्त असलेलं एक: रुंदी ५.८, उंची ७.७. एवढी पाच चित्रं पुरेत. वाडग्यासाठी नंतर वेगळी मालिका, तिथे घडण तीच आणि आकारमान वाढत जाणारं.

चित्रं उंचापासून पसरटापर्यंत क्रमाने दाखवायची नाहीत, हेही ठरलं. क्रमाने दाखवली की माणूस आधीचं नाव पुढे ओढत नेतो आणि कड आहे त्यापेक्षा लांब दिसते. प्रत्येक घरी पुठ्ठे पिसून घ्यायचे. आणि ‘ही वाटी आहे का?’ असं विचारायचं नाही. ‘याला तुमच्याकडं काय म्हणतात?’ एवढंच.

६ डिसेंबर

औशाकडच्या एका घरी दुपार काढली. आज्जी, त्यांची सून, नात आणि शेजारच्या मावशी. एकेकीला वेगळं बसवून विचारलं, नाहीतर एकीचं उत्तर दुसरीच्या तोंडात जातं.

८ बाय ४ च्या चित्राला चौघींनी वाटी म्हटलं, आणि तेही पुठ्ठा पूर्ण वळवायच्या आत. उंच चित्राला पेला, फुलपात्र, गिलास अशी वेगवेगळी नावं मिळाली, पण वाटी कोणी म्हटलं नाही. इथवर सरळ होतं. ज्याची रुंदी आणि उंची सारखी, त्या चित्रावर गाडी हळू झाली. सून म्हणाली पेला. नात म्हणाली वाटी, मग थांबून म्हणाली, “खोल वाटी.” मावशींनी पुठ्ठा लांब धरला, जवळ आणला आणि मलाच उलट विचारलं, “ह्यात घालतेत काय?”

हा प्रश्न मी वहीत जसाच्या तसा उतरवला आहे. मधल्या चित्रावर कोणालाही हा प्रश्न पडला नाही. कडेवर आल्याबरोबर माणूस आकार सोडून वापराकडे वळतो. मावशींना शब्द येत नव्हता असं मुळीच नाही. ही सगळी भांडी त्या जन्मभर घासत, मांडत आल्या आहेत. शब्दाला ठरायला जी माहिती लागते, ती चित्रात नव्हती, आणि ती कोणती हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

उत्तर द्यायला किती वेळ लागतो, हेही इथून पुढे लिहायचं. घड्याळ लावून मोजण्याची गरज नाही; ‘लगेच’, ‘थांबून’, ‘प्रश्न विचारून’ एवढे तीन प्रकार पुरतात.

१२ डिसेंबर

आज वापरासह विचारलं. चित्रं तीच, पण दाखवताना एक वाक्य: यात वरण वाढलंय. यात ताक प्यायला दिलंय. यात चहा ओतलाय. हे देवघरात आहे आणि यात पळी आहे.

सारख्या रुंदी-उंचीचं चित्र आज प्रत्येक वाक्याबरोबर घर बदलत होतं. ताक म्हटलं की पेला. वरण म्हटलं की बहुतेकींकडून वाटी, ‘खोल’ हे विशेषणसुद्धा गळून पडलं. देवघर आणि पळी म्हटल्यावर तर क्षणही न जाता पंचपात्र. परवा ज्या चित्रापाशी सगळ्या अडखळत होत्या, तिथे आज कोणी अडखळलं नाही. म्हणजे आकाराने सोडलेली जागा वापराने पूर्ण भरून काढली.

पसरट टोकाला वेगळी गंमत झाली. चौपट पसरट चित्राला नुसतं दाखवलं तर ताटली, बशी, चपटी वाटी असं काहीही येतं. चहा म्हटल्यावर बशी पक्की होते. खरं तर आपल्या कपाखालची बशी याहून कितीतरी उथळ असते, पण बशीत ओतून चहा प्यायची सवय इतकी घट्ट आहे की चहा शब्द आला की बशीही आली.

मग मुद्दाम मधलं चित्र घेतलं, ८ बाय ४ चं, जे निर्विवाद वाटी आहे, आणि म्हटलं, यात चहा ओतलाय. मला वाटलं होतं की इथेही नाव थोडं हलेल. आज्जी म्हणाल्या, “वाटीत कशाला चहा घेतलाव माय? कप नव्हता का?”

यावर मी बराच वेळ विचार करते आहे. कडेवरच्या भांड्यात वेगळा पदार्थ घातला की नाव बदलतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मध्यावरच्या भांड्यात वेगळा पदार्थ घातला, तर नाव हलत नाही, वागणं चुकीचं ठरतं. ‘हे काय आहे?’ याऐवजी ‘हे असं का केलं?’ हा प्रश्न येतो. कोणता नमुना मध्यावर आहे हे ओळखायला ही चांगली कसोटी आहे, आणि त्यासाठी १ ते ७ ची पट्टी घेऊन कोणाला बसवावं लागत नाही. पाच पदार्थ बदलून पाहायचे. ज्या भांड्याचं नाव टिकतं आणि माणसं पदार्थाला हसतात किंवा रागावतात, ते भांडं मध्याजवळचं.

१९ डिसेंबर, वेळअमावस्या

शहर सकाळीच रिकामं झालं. मामांच्या शेतात गेलो. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, खिचडा, उंडे, आणि अंबील. वही सोबत होती, पण विचारपूस करायची नाही, फक्त कानावर पडेल ते टिपायचं असं ठरवून गेले होते. चित्र दाखवून मिळालेलं नाव आणि काम करता करता तोंडून निघालेलं नाव एकच असेल असं नाही.

अंबील आलं ते बिंदगीत. मामी डोक्यावरून उतरवताना म्हणाली, “बिंदगी धर गं, कलंडंल.” पोटाला फुगीर, तोंडाला आवळ असं मातीचं लहान भांडं. आकाराने लहान घागरच म्हणता येईल, पण दिवसभरात तिला कोणी घागर म्हटलं नाही. घागर शेजारीच होती, पाण्याची.

प्यायला मात्र सगळं चालत होतं. पेले कमी पडले तेव्हा वाट्या पुढे आल्या. तेव्हा मामा म्हणाले, “त्याला वाटीत दे.” ‘पेल्यात दे’ असं म्हणाले नाहीत. अंबील प्यायचा पदार्थ आहे, वाटी पेल्याचं काम करत होती, तरी तिचं नाव वाटीच राहिलं. १२ तारखेची नोंद इथे, कोणी न विचारता, जिवंत बोलण्यात पक्की झाली. फरक एवढाच की आज कोणी त्याबद्दल टोकलं नाही. शेतात, पंगतीत, भांडी कमी असताना वागण्याचे नियम सैल होतात. नावाचे नाही झाले.

२८ डिसेंबर

मॅडमशी आज लांबलचक चर्चा झाली, आणि त्यातून शब्दकोशाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट सुटी झाली. ‘किती चांगलं उदाहरण’ आणि ‘आत आहे की बाहेर’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मॅडमनी शेरॉन आर्मस्ट्राँग, लीला ग्लाइटमन आणि हेन्री ग्लाइटमन यांचं १९८३ चं काम समोर ठेवलं. त्यांनी लोकांना विषम संख्यांना गुण द्यायला सांगितलं. आता विषम संख्या म्हणजे दोनने भागून एक उरणारी, यात पुसट काही नाही. तरी लोकांनी ३ ला ४४७ पेक्षा चांगली विषम संख्या ठरवलं. तीच माणसं विचारल्यावर सांगतात की संख्या एकतर विषम असते किंवा नसते, अधलंमधलं काही नाही. म्हणजे गुणांची उतरंड मिळाली, एवढ्यावरून वर्गाची कड पुसट आहे असं सिद्ध होत नाही. रॉशच्या पट्टीवर फार भार टाकणाऱ्यांना हा मोठा अडथळा होता आणि आजही आहे.

घरातलं उदाहरण घ्यायचं तर आजी. नात्याची आजी म्हणजे आईची किंवा वडिलांची आई; आत-बाहेरचा प्रश्न एका वाक्यात मिटतो. तरी नऊवारी, पांढरे केस, मांडीवर नातवंड ही ‘चांगली’ आजी, आणि जीन्स घालून बँकेत नोकरी करणारी पंचेचाळिशीतली बाई ही तितकी ‘चांगली’ नाही, पण ती अर्धी आजी ठरत नाही. ती पूर्ण आजीच आहे.

वाटीचं तसं नाही. वाटीला भागाकाराचा नियम नाही, जन्मदाखला नाही. तिथे मध्यापासूनचं अंतर वाढत गेलं की आत असणंसुद्धा डळमळीत होतं. यातून काम असं निघतं की प्रत्येक शब्दासाठी दोन्ही प्रश्न वेगळे विचारायचे. आधी ‘याला काय म्हणतात?’ आणि मग वेगळ्या दिवशी ‘या सगळ्यांत वाटी म्हटल्यावर डोळ्यासमोर कोणती येते?’ दोन्ही उत्तरं एकाच दिशेने घसरत असतील, तरच तिथे पुसट कड लिहायची. षटकोनी वाटी हे याचं छान उदाहरण आहे: डोळ्यासमोर ती कोणाच्याच येत नाही, पण वाटी नाही असंही कोणी म्हणत नाही. ती लांब आहे, पण कडेवर नाही.

८ जानेवारी २०२६

महिना उलटून गेल्यावर त्याच घरी पुन्हा गेले. मायकेल मॅक्लॉस्की आणि सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९७८ मध्ये हेच केलं होतं: ३० जणांना वर्गांबद्दल हो-नाही विचारलं आणि महिन्याभराने पुन्हा तेच विचारलं. स्पष्ट उदाहरणांवर माणसं ठाम राहिली. अधल्यामधल्या उदाहरणांवर ती एकमेकांशी जुळली नाहीत आणि स्वतःच्या जुन्या उत्तराशीही जुळली नाहीत. पक्षाघाताचा झटका हा आजार आहे का, यावर ३० पैकी ११ जणांनी मत बदललं. भोपळा फळ आहे का, यावर ८ जणांनी. जळू हा किडा आहे का, यावर ३ जणांनी.

यातल्या ‘स्वतःशीही जुळली नाहीत’ या भागाला फार वजन आहे. फक्त माणसामाणसांत फरक असता, तर म्हणता आलं असतं की प्रत्येकाच्या डोक्यात कड पक्की आहे, फक्त ज्याची त्याची वेगळ्या जागी. एकाच माणसाचं उत्तर बदललं, की तो मार्ग बंद होतो.

(भोपळ्याचं उदाहरण आपल्याकडे चालणार नाही, तो भाजीच. आपल्याकडे कडेवर काकडी किंवा शिंगाडा ठेवून पाहायला हवं.)

आज सुनेने त्याच सारख्या रुंदी-उंचीच्या चित्राला वाटी म्हटलं. मागच्या वेळी पेला म्हटलं होतं. मी काही बोलले नाही. ८ बाय ४ च्या चित्रावर चौघीही जागच्या हलल्या नाहीत.

१३ जानेवारी

आज फक्त बोलण्यातल्या सावरासावरीच्या शब्दांवर काम. जॉर्ज लेकॉफने १९७० च्या दशकात दाखवलं की वर्गातलं अंतर सांगायला भाषेकडे स्वतःची साधनं असतात. त्याची उदाहरणं इंग्रजीतली आहेत. आपल्या वह्यांमध्ये कोणती सापडतात, ते वेचलं.

‘वाटीवानी’ आणि ‘वाटीगत’ म्हणजे वाटी नाही, पण जवळची. द्रोणाबद्दल हे चालतं. ८ बाय ४ च्या चित्राला कोणीही वाटीवानी म्हणत नाही. म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की ती वाटी नसावी. ‘तशी वाटीच म्हणा’ म्हणजे कडेच्या आतली, पण बोलणाऱ्याला खात्री नाही. ‘म्हणायला वाटी’ याचा रोख वेगळा आहे: नाव वाटीचं, पण काम होत नाही, जसं की आहेरात आलेली इतकी पातळ वाटी की गरम वरण घातलं तर हातात धरवत नाही. ती घडणीने मध्यावर आहे, उपयोगाने नाही. म्हणजे वाटीपासूनचं अंतर एकाच पट्टीवर मोजता येत नाही. आकाराची पट्टी वेगळी, उपयोगाची वेगळी, आणि आपल्या बोलीत प्रत्येकीसाठी वेगळी शब्दयोजना तयार आहे. शब्दकोशात ही जोडरूपं उदाहरणवाक्यांसह द्यायची.

एक नोंद मात्र कोणत्याच पट्टीवर बसत नाही. शेजारच्या मावशी श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यात रोज दही विरजतात आणि त्यातच वाढतातही. झाकण कधीच हरवलंय. घडण पाहिली तर वाटीजवळची, वापरही वाटीचा. तरी हाक कशी मारतात? “ते श्रीखंडाचं डबं आण.” ते कुठून आलं, काय म्हणून घरात शिरलं, हे नावाला चिकटून राहतं. बार्बरा मॉल्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बाटल्या, बरण्या, डबे अशा साठेक रोजच्या वस्तूंवर हेच दाखवलं: लोक कोणत्या वस्तू एकमेकींसारख्या मानतात आणि कोणत्यांना एकच नाव देतात, या दोन गोष्टी नेहमी जुळत नाहीत. त्यांनी तीन भाषांत पाहिलं; सारखेपणाचे अंदाज बरेच मिळतेजुळते, पण नावांच्या हद्दी भाषेगणिक वेगळ्या. प्रोटोटाइपच्या विचाराने पुष्कळ उलगडतं, पण श्रीखंडाचं डबं त्याच्या बाहेर उभं आहे, आणि ते तसंच नोंदवायचं.

१७ जानेवारी

वाटीची नोंद लिहून झाली. मॅडमनी पाहिली, एक वाक्य बदलायला लावलं, बाकी मान्य.

‘वाटी (स्त्री.): ताटात पातळ पदार्थ वाढून घ्यायचं भांडं. डोळ्यासमोर येते ती स्टीलची, गोल, रुंदी उंचीच्या सुमारे दुप्पट, एका हाताच्या तळव्यात मावणारी. या घडणीची असेल तर आत काहीही घातलं तरी वाटीच. उंची रुंदीइतकी झाली की वापर पाहून नाव ठरतं: वरण वाढलं तर वाटी, प्यायला घेतलं तर पेला, देवघरात पळीसह असेल तर पंचपात्र. फार पसरट झाली की ताटली किंवा बशीशी हद्द मिसळते. घडण वेगळी (षटकोनी वगैरे) असली तरी वाटीच म्हणतात. वाटीवानी, वाटीगत: वाटी नसलेल्या पण तशा दिसणाऱ्या वस्तूला. तशी वाटीच: बोलणाऱ्याला पुरती खात्री नसताना. म्हणायला वाटी: कामाला न येणाऱ्या वाटीला. माप म्हणूनही: दोन वाट्या तांदूळ. वेगळे अर्थ: खोबऱ्याची वाटी, गुडघ्याची वाटी.’

मॅडमनी बदललेलं वाक्य ‘आत काहीही घातलं तरी वाटीच’ हे. मी आधी पदार्थांची यादी दिली होती. त्यांचं म्हणणं, मध्याची खूण पदार्थ नाही, पदार्थ बदलला तरी नाव न हलणं ही आहे, तेच लिहावं.

पुढच्या आठवड्यात वाडग्याची मालिका. तिथे अडचण अशी की गंजगोलाईच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत त्याच वस्तूला आता ‘बाउल’ म्हणतात, आणि घरी नात बाउल म्हणते, आज्जी वाडगं म्हणतात. दोघींना तीच पाच आकारमानं दाखवून पाहायचंय की बाउल हे वाडग्याचंच नवं नाव आहे, की त्याने वाटीच्या बाजूची थोडी जागाही घेतली आहे. १५०, २५०, ४००, ६०० आणि ९०० मिलिलिटर, रुंदी सगळीकडे उंचीच्या दुप्पट. पुठ्ठे कापून तयार आहेत.